वस्तुमानांक टिकतो, मग वस्तुमान का घटतं?

प्रश्न : «मुलीच्या वहीत एक ओळ आहे, "अल्फा आणि बीटा क्षयात वस्तुमानांक अक्षय्य राहतो." चार ओळी खाली लिहिलंय, "घटलेल्या वस्तुमानाची ऊर्जा होते." मग वस्तुमान घटतं की राहतं? वस्तुमान आणि वस्तुमानांक यांत नक्की फरक काय? आणि अणूच्या बाबतीत 'क्षय' म्हणावं की 'ऱ्हास'?»

दोन्ही ओळी खऱ्या आहेत. वस्तुमानांक म्हणजे वजन नव्हे, ती मोजदाद आहे. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती कण आहेत, एवढंच तो सांगतो. म्हणून तो कायम पूर्णांक असतो आणि त्याला एकक नसतं. वस्तुमान तोलावं लागतं, त्याला एकक लागतं (अणूंसाठी डाल्टन), आणि ते पूर्णांकात येत नाही. अपवाद कार्बन-१२ चा, कारण त्याच्या अणूचं वस्तुमान बरोब्बर १२ धरूनच डाल्टन ठरवला आहे. घोळ होतो तो दोन्ही आकडे शेजारी-शेजारी येतात म्हणून. पोलोनियम-२१० चा वस्तुमानांक २१० आणि अणूचं वस्तुमान २०९.९८२८७ डाल्टन. वर्गात आपण सर्रास दुसऱ्याच्या जागी पहिला घालतो, आणि बहुतेक वेळा ते खपूनही जातं. ऊर्जेच्या हिशेबात मात्र खपत नाही, कारण सगळी ऊर्जा या दोन आकड्यांमधल्या फटीतूनच येते.

'क्षय' आणि 'ऱ्हास' दोन्ही चालतात. 'क्षय' म्हटलं की काहींना आजार आठवतो, पण 'अर्धायुकालात निम्म्या अणूंचा क्षय होतो' हे वाक्य कानाला खटकत नाही, आणि मी तरी तेच वापरतो. 'अक्षय्य' मात्र जोड-य लावूनच लिहा. 'अक्षय' म्हणजे ज्याचा क्षय झालेला नाही, 'अक्षय्य' म्हणजे ज्याचा क्षय होऊच शकत नाही. पाणिनीने यासाठी 'क्षय्यजय्यौ शक्यार्थे' असं वेगळं सूत्रच केलं आहे. नियमाला दुसरा अर्थ हवा असतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. युरेनियम-२३८ ची साखळी संपत येते तिथे बिस्मथ-२१० लागतं. त्याचा अर्धायुकाल पाच दिवसांचा. बीटा क्षयाने त्याचं पोलोनियम-२१० होतं, ते १३८ दिवसांच्या अर्धायुकालाने अल्फा कण टाकतं आणि उरतं शिसं-२०६, जे पुढे काहीच करत नाही. एका पाठोपाठ एक बीटा आणि अल्फा दोन्ही मिळतात, म्हणून मला ही जोडी आवडते.

आधी मोजदाद. बिस्मथमध्ये ८३ प्रोटॉन आणि १२७ न्यूट्रॉन, एकूण २१०. बीटा क्षयात एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. प्रोटॉन ८४, न्यूट्रॉन १२६, बेरीज पुन्हा २१०. प्रभार पाहा : आधी +८३, नंतर +८४ आणि इलेक्ट्रॉनचा −१, म्हणजे तेवढाच. इलेक्ट्रॉनचा वस्तुमानांक शून्य लिहितात, तेव्हा मुलं विचारतात, "त्याला वस्तुमान नसतं का?" असतं. शून्य एवढ्याचसाठी, की तो प्रोटॉनही नाही आणि न्यूट्रॉनही नाही, त्यामुळे या मोजणीत धरायचा नाही. पुढे अल्फा क्षयात पोलोनियममधून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकत्र बाहेर पडतात. हाच अल्फा कण, म्हणजे हेलियम-४ चं केंद्रक. २१० चे २०६ आणि ४, आणि ८४ चे ८२ आणि २. वहीतल्या ओळीत 'वस्तुमानांक'च्या आधी 'एकूण' हा शब्द घातला तर अर्धा गोंधळ तिथेच मिटेल. पोलोनियमच्या केंद्रकाचा वस्तुमानांक चारने कमी होतोच. अक्षय्य राहते ती दोन्ही बाजूंची बेरीज.

आता तोलू. पोलोनियम-२१० चं वस्तुमान २०९.९८२८७ डाल्टन. शिसं-२०६ चं २०५.९७४४७ आणि हेलियम-४ चं ४.००२६०, दोन्ही मिळून २०९.९७७०७. फरक ०.००५८० डाल्टन, म्हणजे मूळ वस्तुमानाच्या छत्तीस हजारांत एक भाग. एका डाल्टनला E = mc² प्रमाणे ९३१.४९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते (प्रयोगशाळेत याला एमईव्ही म्हणतात, मीही पुढे तेच लिहितो). आणखी दशांश स्थळं घेऊन गुणाकार केला की उत्तर ५.४०७ एमईव्ही येतं.

दशांश स्थळांचं महत्त्व इथे नीट कळतं. वस्तुमानाच्या जागी वस्तुमानांक घातले तर २१० वजा २०६ वजा ४, ऊर्जा शून्य. दोन दशांश स्थळं घेतली तर २०९.९८ वजा २०५.९७ वजा ४.००, फरक ०.०१ आणि ऊर्जा ९.३ एमईव्ही, म्हणजे खऱ्याच्या पावणेदोनपट. मोठ्या संख्यांतून मोठ्या संख्या वजा करून बारीकसा फरक काढायचा असतो तेव्हा शेवटच्या स्थळांवरच सगळी मदार असते. चार स्थळांच्या आत हे गणित करूच नये.

दुसरी ठरलेली चूक इलेक्ट्रॉनांची. कोष्टकातली वस्तुमानं अख्ख्या अणूची असतात, केंद्रकाची नव्हेत. वर हेलियमचं ४.००२६० घेतलं, त्यात त्याचे दोन इलेक्ट्रॉन धरलेले आहेत. पोलोनियमच्या ८४ इलेक्ट्रॉनांपैकी ८२ शिशाच्या अणूत आणि २ हेलियममध्ये गेले, त्यामुळे दोन्ही बाजू बरोबर फिटतात. कोणी नुसत्या अल्फा कणाचं ४.००१५१ घेतलं तर दोन इलेक्ट्रॉन हवेत राहतात आणि उत्तर ६.४३ येतं, १.०२ ने जास्त. बीटा क्षयात हीच चूक उलट बाजूने होते. बिस्मथ-२१० चं वस्तुमान २०९.९८४१२, पोलोनियमचं २०९.९८२८७, आणि पूर्ण आकड्यांनी काढलेली ऊर्जा १.१६१ एमईव्ही. पुष्कळ जण यातून इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आणखी एकदा वजा करतात आणि ०.६५ वर येतात. पण पोलोनियमच्या अणूतला ८४ वा इलेक्ट्रॉन म्हणजेच बाहेर पडलेला बीटा कण, तो आधीच धरून झाला आहे. उत्तर ०.५११ ने कमी पडलं किंवा १.०२२ ने वाढलं, तर चूक कुठे आहे ते न पाहता ओळखता येतं.

५.४०७ एमईव्ही सगळी अल्फा कणाच्या वाट्याला येत नाही. मागे राहिलेलं शिशाचं केंद्रक उलट दिशेला धक्का खातं आणि थोडी ऊर्जा घेतं. संवेगाच्या हिशेबाने अल्फाचा वाटा २०६ भागिले २१०, म्हणजे ५.३०४ एमईव्ही, आणि मोजल्यावरही अल्फाची ऊर्जा तेवढीच भरते. या भागाकारात मी वस्तुमानांक वापरले आहेत, वस्तुमानं नव्हेत, आणि तरी तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत काही बिघडत नाही. गुणोत्तर काढताना वस्तुमानांक चालतो, वजाबाकीत चालत नाही, असं लक्षात ठेवा.

आकडा केवढा, तर एका क्षयातली ऊर्जा ज्यूलमध्ये साधारण ८.७ × १०⁻¹³. एक ज्यूल जमायला लाख कोटींहून अधिक अणू लागतात. तरीही एक ग्रॅम पोलोनियम-२१० सुमारे १४० वॉट उष्णता देतं, कारण त्यात दर सेकंदाला एवढी उष्णता भरेल इतके क्षय होतात. १९७० साली चंद्रावर उतरलेल्या सोव्हिएत लुनोखोद-१ गाडीला रात्री ऊब द्यायला हेच वापरलं होतं. 'घटतं की राहतं' या प्रश्नाचं आणखी नेमकं उत्तर हवं असेल तर असं समजा : हे पोलोनियम बंद पेटीत ठेवलं, तर आतली उष्णता बाहेर पडेपर्यंत पेटीचं वस्तुमान तेवढंच राहतं. उष्णता गेली की तेवढं घटतं. कणांची संख्या मात्र दोन्ही वेळी तीच.

मोजदाद आणि वजन यांतला फरक सगळ्यात जास्त कुठे जाणवला असेल, तर बिस्मथ-२१० च्याच बाबतीत. अल्फा कण जवळजवळ सगळेच एका ऊर्जेचे निघतात. बीटा कणांचं तसं नाही, हे जेम्स चॅडविक यांना १९१४ साली दिसलं. ते शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत वाटेल त्या ऊर्जेने निघतात. बिस्मथसाठी ही मर्यादा १.१६ एमईव्ही. काहींचं म्हणणं होतं की सगळे सारख्याच ऊर्जेने निघतात, वाटेत धडकून काही हरवतं. मग हरवलेली ऊर्जा उष्णता म्हणून सापडायला हवी. केंब्रिजमध्ये एलिस आणि वूस्टर यांनी १९२७ साली बिस्मथ-२१० (तेव्हाचं नाव रेडियम-ई) उष्णतामापीत ठेवून दर क्षयामागची उष्णता मोजली. कमाल मर्यादेइतकी भरायला हवी होती, भरली सुमारे ०.३५ एमईव्ही. म्हणजे बीटा कणांच्या सरासरी ऊर्जेच्या आसपास. उरलेली उष्णतामापीत नव्हतीच.

नील्स बोर तर ऊर्जा अक्षय्यतेचा नियमच इथे ढिला करायला तयार होते. वोल्फगांग पाउली यांनी ४ डिसेंबर १९३० च्या पत्रात दुसरा मार्ग सुचवला : इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक कण निघत असावा, प्रभार नसलेला, अगदी हलका, आणि तो उष्णतामापीतून आरपार निघून जातो. त्यालाच आज आपण प्रतिन्यूट्रिनो म्हणतो. त्याचा प्रभार शून्य, वस्तुमानांकही शून्य. म्हणून समीकरणातून तो गाळला तरी ८३ ची आणि २१० ची बेरीज दोन्हीकडे बिनचूक जुळते, आणि परीक्षेत कितीतरी उत्तरपत्रिकांत तो गाळलेलाच असतो. मोजदाद शंभरदा तपासली असती तरी तो सापडला नसता. त्याचा सुगावा लागला तो ऊर्जेच्या तुटीवरून, आणि प्रत्यक्ष पुरावा मिळाला १९५६ साली, कोवान आणि राइनेस यांनी अणुभट्टीशेजारी मांडलेल्या शोधकात.