बोटांची टोकं फुगली, नखं वाकली: दम्याचा पंप चालू असला तरी छाती तपासायला हवी

प्रश्न: माझे वडील ५८ वर्षांचे आहेत, सोलापुरात यंत्रमागावर काम करतात, विडी ओढतात. वर्ष-दोन वर्षांत त्यांच्या बोटांची टोकं गोल, फुगीर झालीत आणि नखं वाकलीत. दुखत काहीच नाही. दम्याचा पंप चालू आहे. घरचे म्हणतात, कामाने झालं असेल. फुप्फुसाचं किंवा हृदयाचं काही असू शकतं का?

उत्तर:

असू शकतं, आणि तुमच्या वर्णनावरून मी आधी फुप्फुसाकडे बघेन. या आठवड्यातच त्यांचा छातीचा एक्स-रे काढून घ्या. मी सोलापुरात छातीविकारांचे रुग्ण बघतो. पूर्व भागातल्या मागांवरची आणि विडी ओढणारी माणसं माझ्याकडे रोज येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागावर काम करून हाताला घट्टे पडतात, कातडी राठ होते, नखं झिजतात. दहाही बोटांची टोकं सारखी फुगून नखं गोल होणं कामाने होत नाही. आम्ही याला क्लबिंग म्हणतो. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे नुसत्या दम्याने क्लबिंग होत नाही. विडीने फुप्फुसं खराब होतात, ज्याला सीओपीडी म्हणतात, त्या एकट्यानेही होत नाही. कापसाच्या धुळीने छाती भरते, त्यानेही सहसा नाही. म्हणून पंप घेणाऱ्या माणसाची बोटं अशी झाली की ‘दमा आहे ना, त्यामुळेच असेल’ म्हणून गप्प बसायचं नाही. पंप ज्या आजारासाठी दिलाय त्याच्याखाली दुसरा एखादा आजार दडलाय का, हे शोधायचं.

ते खरंच क्लबिंग आहे का, हे आधी घरी बघून घ्या. वय झालं की काहींची नखं नुसतीच वाकतात, पण बोट तसंच राहतं. तर्जनी डोळ्यांच्या पातळीला आडवी धरायला सांगा आणि बाजूने बघा. नखाच्या मुळाशी, जिथे कातडी संपून नख सुरू होतं, तिथे निरोगी बोटात थोडी खोलगट जागा दिसते. तिथला कोन साधारण १६० अंशांचा असतो. क्लबिंगमध्ये ही खोलगट जागा भरून निघते, कोन १८० च्या पुढे जातो आणि कातडीपासून नखापर्यंत एकच फुगीर रेषा दिसते. मग एक दोरा घ्या. नखाच्या मुळाशी बोटाभोवती गुंडाळून माप घ्या, नंतर बोटाच्या शेवटच्या सांध्याभोवती घ्या. एरवी सांध्याचं माप मोठं येतं. नखाच्या मुळाशी ते मोठं आलं, तर शंका पक्की होते. शिवाय दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून पाठीला पाठ टेकवायला सांगा. नखांच्या मुळांमध्ये बारीक शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसायला हवी, क्लबिंगमध्ये ती बुजते. ही खूण लिओ शामरोथ या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९७६ मध्ये लिहिली. त्यांना स्वतःला हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग झाला होता आणि ते स्वतःच्याच बोटांत हा बदल बघत होते.

फट दिसली म्हणजे सगळं ठीक, असं मात्र समजू नका. सुरुवातीच्या काळात दोन डॉक्टरांचंही यावर एकमत होत नाही. जुने फोटो काढून बघा, लग्नकार्यातले, ज्यात त्यांचे हात स्वच्छ दिसतात. पंचवीस वर्षांपूर्वीही बोटं अशीच असतील आणि आजोबांची किंवा काकांचीही तशीच असतील, तर ती घराण्याची ठेवण असू शकते. तुम्ही मात्र वर्ष-दोन वर्षांत झाली म्हणताय, म्हणून मी ठेवणीवर सोडणार नाही.

छातीतल्या आजाराने बोटं का फुगतात, याचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं आहे. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स ज्या पेशींपासून बनतात त्या खूप मोठ्या असतात. हाडांच्या मगजातून निघून त्या फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे त्यांचे तुकडे होतात. फुप्फुस इथे चाळणीचं काम करतं. आजाराने ही चाळणी बिघडली किंवा रक्त तिला वळसा घालून गेलं, की त्या मोठ्या पेशी आणि प्लेटलेट्सचे पुंजके बोटांच्या टोकापर्यंत पोचतात. तिथे अडकून ते वाढीला चालना देणारी द्रव्यं सोडतात. त्यामुळे नखाखालच्या रक्तवाहिन्या वाढतात, मांस सुजतं, नख वर उचललं जातं. नखाचं मूळ दाबलं तर स्पंजसारखं लागतं, ते यामुळेच. हे सगळं हळूहळू होतं, म्हणून दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणून घरात कुणी लक्ष देत नाही.

एका रुग्णाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. जकार्ड मागावर चादरी विणणारे, पन्नाशी ओलांडलेले एक मामा. तरुणपणापासून विडी. माझ्याकडे आले ते खोकल्यासाठी, पंप आधीपासून चालू होता. बोलता बोलता त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “ह्यांचे घोटे लई दुखतात, मनगटंही. वाताच्या गोळ्या चालू हायत, पण गोळीचा जोर सरला की पुन्हा तेच.” सहा महिने वेदनाशामक घेऊन झाल्या होत्या. युरिक अ‍ॅसिड व्यवस्थित होतं, संधिवाताची रक्ततपासणीही निगेटिव्ह होती. मी चपला काढायला सांगितल्या. सूज घोट्यावर होतीच, पण घोट्याच्या वर नडगीचं हाड दाबल्यावर ते कळवळले. दुखणं सांध्यापेक्षा हाडाचं जास्त होतं. मग बोटं बघितली, दहाही फुगलेली.

पायाच्या एक्स-रेत नडगीच्या हाडाला बाहेरून नव्या हाडाची बारीक रेघ चढलेली दिसली. छातीच्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात साधारण चार सेंटीमीटरची गोल सावली होती. सीटी स्कॅन झालं, सुईने तुकडा काढून तपासला, फुप्फुसाचा कर्करोग निघाला. क्लबिंगबरोबर हातापायांची लांब हाडं अशी दुखायला लागली, तर मोठ्या माणसात फुप्फुसाच्या गाठीचा विचार सगळ्यात आधी करायचा असतो. पुढच्या तपासण्यांत तो इतरत्र पसरलेला नव्हता. पुण्याला ऑपरेशन करून फुप्फुसाचा तेवढा भाग काढला. घोटे आठवड्याभरातच दुखायचे थांबले. बोटं उतरायला मात्र काही महिने लागले. सगळ्यांच्या नशिबी असं वेळेवर सापडणं नसतं. आमच्याकडे बहुतेक रुग्ण खूप उशिरा येतात, आणि त्यातल्या कित्येकांची बोटं त्याआधी बरेच महिने फुगलेली असतात. याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या वडिलांना कर्करोगच आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे याच खुणेमागे इतर कारणंही नेहमी सापडतात. जुन्या टीबीनंतर श्वासनलिका कायमच्या रुंदावतात आणि त्यांत कफ साचत राहतो, त्याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. रोज सकाळी वाटीभर पिवळा-हिरवा बेडका पडतो का, विचारा. फुप्फुस आकसत जाणं, म्हणजे फायब्रोसिस, हे दुसरं. यात कफ फारसा नसतो, पण कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप वाढत जाते. फुप्फुसात किंवा फुप्फुसाभोवती पू साचला तरी बोटं फुगतात, आणि तेव्हा ती काही आठवड्यांतही बदलू शकतात. हे आजार पंपाने बरे होत नाहीत, त्यांचे उपचार वेगळे आहेत.

हृदयाचं थोडक्यात सांगतो. बीपी, हार्ट अटॅक, ब्लॉकेज यांनी बोटं अशी होत नाहीत. जन्मजात दोषामुळे अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाता परस्पर शरीरात जात असेल, तर होतात. तिथे तेच चाळणीला वळसा घालणं घडतं. अशा माणसाचे ओठ आणि नखं लहानपणापासून किंवा तरुणपणापासून निळसर असतात. दुसरं कारण म्हणजे झडपेचा जंतुसंसर्ग. आधीच झडप खराब असलेल्या माणसाला अनेक आठवडे बारीक ताप, घाम, वजन घटणं असं चालू असेल, तर तो शोधावा लागतो. त्यांच्या पायाची बोटंही बघा. हात चांगले आणि फक्त पायाची बोटं फुगलेली, निळी असतील, तर हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधला जन्मजात जोड उघडा राहिल्याची ती खूण असते. एकाच हाताची बोटं फुगली असतील, तर त्या हाताच्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. यकृत आणि आतड्यांच्या काही जुन्या आजारांतही क्लबिंग होतं, पण तुमच्या माहितीवरून तो शोध नंतरचा.

आता काय करायचं ते सांगतो. एमडी मेडिसिन किंवा छातीविकारतज्ज्ञ गाठा, सिव्हिलला दाखवलंत तरी चालेल. आत गेल्यावर ‘खोकला आहे’ एवढंच सांगू नका, ‘बोटं वर्ष-दोन वर्षांत अशी झालीत’ हे पहिलं वाक्य असू द्या. छातीचा एक्स-रे, ऑक्सिजनची पातळी आणि साधी रक्ततपासणी लगेच होते. बेडका पडत असेल तर त्याची टीबीसाठी तपासणी होईल, ती सरकारी दवाखान्यात मोफत असते. एक्स-रे स्वच्छ आला तरी तिथे थांबू नका. हृदयामागची गाठ, गळ्याच्या हाडाआडची गाठ किंवा सुरुवातीचं फायब्रोसिस साध्या एक्स-रेत निसटू शकतं, म्हणून नव्याने क्लबिंग झालेल्या विडी ओढणाऱ्या माणसाचं मी छातीचं सीटी स्कॅन करूनच घेतो. हृदयाची शंका आली तर टू-डी इको. बेडक्यातून रक्त पडलं, वजन कमी होतंय, आवाज बसलाय आणि तीन आठवडे झाले तरी सुटत नाही, चेहरा किंवा मान सुजते, बसल्या जागी धाप लागते, यातलं काहीही असेल तर उद्याची वाट बघू नका.

बोटं पुन्हा पूर्वीसारखी होतील का, हेही तुमच्या मनात असेल. मूळ आजार काढता आला किंवा बरा झाला तर बऱ्याचदा हळूहळू उतरतात. फायब्रोसिससारख्या आजारात तशीच राहतात, आणि त्यासाठी बोटांना तेल किंवा मलम चोळून उपयोग नाही. पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, धाप वाढेल. घरात कुठे जुना एक्स-रे पडला असेल तर, कितीही जुना असो, शोधून सोबत न्या. आत्ताची सावली तेव्हाही होती का, हे त्यावरून पाच मिनिटांत कळतं.