‘सशुल्क भागीदारी’ या दोन शब्दांतून काय कळते आणि काय कळत नाही

प्रश्न : एक फिनफ्लुएन्सर एका छोट्या कंपनीचा शेअर घ्यायला सांगतोय. व्हिडिओच्या माहितीत अगदी शेवटी ‘सशुल्क भागीदारी’ असं लिहिलंय. म्हणजे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं असं समजून पैसे लावावेत का? नेमकं काय तपासायचं?

उत्तर :

तेवढ्यावर पैसे लावू नयेत. त्या दोन शब्दांवरून कोणीतरी पैसे दिले आहेत इतकेच कळते. ते कोणी दिले, किती आणि कोणत्या रूपात दिले, बोलणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात तो शेअर आहे का आणि तो कधीही विकण्याची मोकळीक त्याने राखून ठेवली आहे का, या चार गोष्टी कळल्याशिवाय त्या शिफारशीचे वजन ठरवता येत नाही. आर्थिक जाहिरातींचा मजकूर नियमांच्या दृष्टीने तपासणे हे माझे रोजचे काम आहे. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात मोबदला उघड करणारे प्रकटीकरण मुळातच नाही असे क्वचित घडते. ते असते, पण त्यातून कामाचे काही हाती लागत नाही, हीच खरी अडचण आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण किम कार्दाशियन यांचे आहे. 2021 मध्ये त्यांनी ‘इथेरियममॅक्स’ या क्रिप्टो प्रकल्पाच्या टोकनविषयी इन्स्टाग्रामवर मजकूर टाकला. हा आर्थिक सल्ला नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते आणि `#ad` ही खूणही होती. तरीही ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेच्या एसईसी या बाजार नियामकाने त्यांच्यावर कारवाई केली, कारण त्या एका मजकुरासाठी त्यांना 2,50,000 डॉलर मिळाले होते आणि ही रक्कम त्यांनी वाचकांना सांगितली नव्हती. अमेरिकेच्या 1933 च्या रोखे कायद्यातील कलम 17(ब) नुसार, मोबदला घेऊन रोख्याची प्रसिद्धी करणाऱ्याला तो मोबदला आणि त्याची रक्कम दोन्ही उघड करावे लागते, मग पैसे आधीच मिळालेले असोत किंवा पुढे मिळणार असोत. आरोप मान्य किंवा अमान्य न करता कार्दाशियन यांनी सुमारे 12 लाख 60 हजार डॉलर भरून प्रकरण मिटवले. ‘जाहिरात’ असा शिक्का आणि ‘हा सल्ला नाही’ असे वाक्य, ही दोन्ही कवचे असूनही प्रकटीकरण अपुरे ठरले, हे आपण लक्षात घ्यावे.

रकमेचा एवढा आग्रह का, असे आपल्याला वाटेल. एका मजकुरासाठी कोणी एवढे पैसे मोजतो, तेव्हा ते कुठून तरी वसूल व्हायचे असतात. छोट्या कंपनीच्या बाबतीत ते बहुधा, नवे खरेदीदार आल्यावर ज्याला आपल्याजवळचा साठा विकायचा आहे त्याच्याकडून आलेले असतात. रक्कम जितकी मोठी, तितकी त्या विक्रीची निकड मोठी असण्याची शक्यता अधिक.

आता प्रत्यक्ष वाचन कसे करावे ते पाहू. अशा मजकुराचा एक नेहमीचा साचा असतो : ‘या प्रसारणासाठी आम्हाला एका त्रयस्थ पक्षाकडून मोबदला मिळाला आहे. आमच्याकडे या कंपनीचे शेअर असू शकतात आणि ते आम्ही पूर्वसूचना न देता केव्हाही विकू शकतो.’ यातला ‘त्रयस्थ पक्ष’ कोण, हे सांगितलेले नाही. स्वतः कंपनीने पैसे दिले असते तर निदान ते ठाऊक झाले असते, पण निनावी पक्ष हा बहुधा मोठा शेअरधारक असतो. ‘मोबदला’ रोख आहे की शेअरच्या रूपात, हेही गुलदस्त्यातच आहे. तो शेअरच्या रूपात असेल, तर प्रसिद्धी करणाऱ्याला ते विकल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, आणि त्याला गिऱ्हाईक हवे असते ते आपणच असतो. ‘असू शकतात’ हा शब्दप्रयोग तर मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो, कारण आपल्या खात्यात शेअर आहेत की नाहीत हे त्या माणसाला पक्के माहीत असते. शेवटचे वाक्य मात्र खरे मानावे : तो विकू शकतो, आणि त्याने विकल्याचे आपल्याला बहुधा कळणारही नाही.

‘मी स्वतःही घेतला आहे’ असे सांगून कोणी खात्याचे छायाचित्र दाखवत असेल, तर तोही पुरावा समजू नये. माजी बास्केटबॉलपटू पॉल पिअर्स यांच्यावर एसईसीने फेब्रुवारी 2023 मध्ये केलेल्या कारवाईत नेमका हाच मुद्दा होता. त्याच इथेरियममॅक्सच्या प्रसिद्धीसाठी त्यांना 2,44,000 डॉलरहून अधिक किमतीची टोकन मिळाली होती. त्यांनी मोठी शिल्लक आणि मोठा नफा दाखवणाऱ्या एका खात्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले, पण त्यांची स्वतःची शिल्लक त्याहून बरीच कमी होती.

ही माहिती कुठे शोधायची? यूट्यूबवर सुरुवातीला दिसणारी `Includes paid promotion` ही पट्टी व्हिडिओ टाकणाऱ्याने स्वतः घोषित केल्यावर दिसते, त्यामुळे ती नसणे म्हणजे पैसे घेतलेले नाहीत असा अर्थ होत नाही. व्हिडिओखालची माहिती पूर्ण उघडून शेवटपर्यंत वाचावी, कारण अडचणीची वाक्ये बहुतेक वेळा तिथेच ढकललेली असतात. त्या माणसाच्या संकेतस्थळावरचे अस्वीकरणाचे पानही वाचावे. खाते उघडण्याची लिंक दिली असेल तर तिच्या पत्त्यात `ref=` किंवा `aff=` असे काही आहे का ते पाहावे. असेल, तर आपण खाते उघडल्यावर, आणि काही योजनांत आपल्या प्रत्येक व्यवहारावर, त्याला दलाली मिळत असण्याची शक्यता आहे. मग आपल्याला नफा झाला काय किंवा तोटा झाला काय, आपण व्यवहार करत राहणे त्याच्या हिताचे असते.

दुसरी बाजू कंपनीची. तिने शेअर बाजाराला दिलेल्या घोषणांत प्रसिद्धीसाठी केलेल्या कराराचा उल्लेख सापडतो का, ते पाहावे. कॅनडातील टीएसएक्स व्हेंचर बाजारात तर असे करार जाहीर करणे कंपनीला बंधनकारक आहे. याशिवाय ती व्यक्ती सल्ला देण्यासाठी नोंदणीकृत आहे का, हे सेबी, ब्रिटनची एफसीए किंवा आपल्या देशातील नियामकाच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन तपासावे. तिने दिलेल्या लिंकवरून जाऊ नये. नुसता क्रमांक जुळणे पुरेसे नाही, कारण दुसऱ्याचा क्रमांक उचलून वापरता येतो. नाव आणि संपर्काचा तपशीलही जुळला पाहिजे.

प्रकटीकरण कितीही चांगले असले तरी एक गोष्ट त्याच्या कक्षेबाहेर राहते. कोणाकडूनही पैसे न घेता आधी स्वतः शेअर घ्यायचा, मग लाखो लोकांना सुचवायचा आणि भाव चढला की विकायचा, या प्रकारात सशुल्क भागीदारीची पट्टी कधीच दिसणार नाही. त्यासाठी व्हिडिओच्या तारखेआधीच्या दोन-तीन आठवड्यांतील उलाढाल पाहावी. कंपनीची कोणतीही बातमी नसताना रोजच्या व्यवहारांची संख्या आधीच कित्येक पटींनी वाढलेली असेल, तर कोणीतरी आपल्या आधी आत शिरले आहे असे धरून चालावे. याने काही सिद्ध होत नाही, पण खरेदी थांबवायला मला एवढे कारण पुरते.

आपल्या बाबतीत मी त्या व्यक्तीला वरचे चार प्रश्न लेखी विचारेन. उत्तर आले नाही, किंवा ‘त्रयस्थ पक्ष’ एवढेच आले, तर तो शेअर घेणार नाही. आणि आजच त्या माहितीचे तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. व्हिडिओखालचा मजकूर नंतर केव्हाही बदलता येतो, आणि नियामकाकडे तक्रार करायची वेळ आली तर त्या दिवशी तिथे काय लिहिले होते हे दाखवावे लागते.