फोनवर रेकॉर्ड केलेल्या जाहिरातीचा आवाज घुमतो आणि शेवटी घाई होते

प्रश्न: मी घरून दिवाळीचा फराळ विकते. स्टेटस आणि रीलसाठी ३० सेकंदांची जाहिरात फोनवर रेकॉर्ड केली, पण आवाज घुमतो, डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि शेवटी सगळं घाईघाईत होतं. वेगळा माईक न घेता नीट कसं करता येईल?

उत्तर:

आधी फोन जवळ आणा, मग खोलीकडे बघा. फोनपर्यंत तुमचा आवाज दोन वाटांनी पोचतो: एक थेट तोंडातून, दुसरा भिंत, फरशी आणि छतावर आपटून. फोन ६० सेंटिमीटरवर असेल तर मोकळ्या खोलीत हे दोन्ही तुल्यबळ होतात आणि कानाला ‘डबा’ जाणवतो. तोच फोन १५ सेंटिमीटरवर आणला की थेट आवाज साधारण १२ डेसिबलने वाढतो. भिंतींवरून परतणारा मात्र होता तेवढाच राहतो. नंतर ॲपमध्ये नॉइज कमी करून हे साधत नाही, कारण घुमणारा आवाज हा तुमचाच आवाज असतो. ॲपने तो ओढून काढला की शब्दही पाण्याखालून आल्यासारखे होतात.

अंतर पाऊण ते एक वीत ठेवा, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर. त्याहून फार जवळ जाण्यात फायदा नाही. रेडिओवरच्या निवेदकांचा आवाज माईकजवळ भरदार होतो, पण तो तसल्या दिशादर्शी माईकचा गुण आहे. फोनचा माईक चहूबाजूंनी ऐकतो, त्यामुळे जवळ जाऊन भरदारपणा येत नाही. श्वास आणि थुंकीचे आवाज तेवढे वाढतात.

बहुतेक फोनांत बोलायचा माईक खाली, चार्जिंगच्या खाचेशेजारी असतो. खात्री करायची तर रेकॉर्डिंग चालू करून खालच्या, वरच्या आणि मागच्या छिद्राजवळ नखाने हलकेच खरवडा आणि ऐका. जिथे खरवड मोठी, तो तुमचा माईक. ती कड तोंडाकडे करून फोन आडवा ठेवा. हातात धरू नका, बोटांची हालचालही रेकॉर्ड होते. तोंडाच्या उंचीपर्यंत येईल असं काही रचा आणि वर दोन घड्या घातलेले टॉवेल टाका. उघड्या टेबलावर फोन ठेवलात तर टेबलावरून आपटलेला आवाज लगेच माईकमध्ये शिरतो.

एक गोष्ट फराळवाल्यांना हमखास नडते. तळहात तोंडासमोर धरून ‘फराळ’ म्हणा, हवेचा झोत लागेल. प, फ, ब, भ या अक्षरांचा हा झोत माईकवर बसला की ‘धप्प’ असा आवाज येतो आणि तो नंतर काढणं कटकटीचं असतं. म्हणून फोन तोंडाच्या अगदी समोर न ठेवता तीन-चार बोटं बाजूला सरकवा. तुम्ही सरळ समोर बोला. झोत फोनच्या बाजूने निघून जाईल.

आता खोली. स्वयंपाकघर आणि रिकामा हॉल टाळा. गाद्या, पडदे, कपडे असलेली झोपायची खोली घ्या. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झणझण शेपूट आली तर समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. तुमचा आवाज पुढे जातो, म्हणून पहिली जाड गोधडी फोनच्या पलीकडे, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टाका. दुसरी असेल तर पाठीमागे. गोधडी भिंतीला चिकटवण्यापेक्षा वीतभर पुढे टांगली तर जास्त काम करते. पायाखाली सतरंजी. अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो सोडून द्या, पातळ पुठ्ठा बोलण्यातला घुमार फारसा शोषत नाही. कपाटात शिरून बोलायचंही टाळा, विशेषतः लोखंडी कपाटात, कारण पत्रा स्वतःच वाजतो. उघड्या कपाटातल्या टांगलेल्या कपड्यांकडे तोंड करून बोललं तर चालतं.

गोधडी घुमणं कमी करते, बाहेरचा हॉर्न अडवत नाही. त्यासाठी वेळच निवडावी लागते. रात्री उशिरा किंवा पहाटे, शेजारचे कुकर लागायच्या आत. पंखा बंद, फ्रीज शेजारच्या खोलीत असेल तर दार बंद, फोन एअरप्लेन मोडवर. मग काही न बोलता दहा सेकंद रेकॉर्ड करून इअरफोनने ऐका. ट्यूबलाइटची गुणगुण, मोटारीची घरघर, जे ऐकू येईल ते बंद करून मगच बोला. रेकॉर्डिंग फोनच्या रेकॉर्डर ॲपमध्ये सर्वांत वरच्या दर्जावर करा. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये नको, तिथे फाइल दाबली जाते. फोनवर आवाजाची उडी दिसत असेल तर सर्वांत मोठा शब्दसुद्धा वरच्या टोकाला टेकू देऊ नका. टेकला की तो फाटतो आणि फाटलेला शब्द दुरुस्त होत नाही.

घाईचं मूळ मात्र बोलण्यात कमी आणि कागदावर जास्त असतं. विराम धरून मराठी बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. आठ पदार्थांची यादी, दर, पत्ता, नंबर हे सगळं ३० सेकंदांत कोंबलं की शेवटचा नंबर चेंगरणारच. तीन पदार्थ पुरेत. उदाहरण घ्या, एक तिरकी रेघ म्हणजे छोटा विराम, दोन म्हणजे श्वास:

दिवाळी तोंडावर आली, / आणि चकलीची भाजणी अजून दळायचीय? // फराळ आमच्यावर सोपवा. // भाजणीची चकली, / साजूक तुपातले बेसनाचे लाडू / आणि सुक्या खोबऱ्याची करंजी. // सगळं घरी केलेलं, / तुमच्या ऑर्डरनंतर. // चकली अर्धा किलो / दोनशे ऐंशी रुपये. // ऑर्डर वसुबारसेच्या चार दिवस आधीपर्यंत. // फोन करा…

हे ३९ शब्द, म्हणजे सुमारे २० सेकंद. तुमचं नाव २ सेकंद, नंबर ५ ते ६. एकूण २८च्या आसपास, आणि पुढे-मागे थोडी शांतता उरते. दर आकड्यात न लिहिता अक्षरांत लिहा. ‘२८०’ कागदावर एक शब्द दिसतो, तोंडात दोन होतात. आकडे लिहून शब्द मोजले की हिशेब इथेच चुकतो. नंबर पाच-पाचच्या दोन तुकड्यांत, मध्ये अर्धा सेकंद थांबून. ‘डबल सात’ म्हणू नका, ‘सात सात’ म्हणा. लिहून घेणाऱ्याचा हात थांबत नाही.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि लांब वाक्यात श्वासही तिथेच संपतो, म्हणून ‘मिळतील’, ‘रुपये’ असे शब्द गिळले जातात. वरची वाक्यं आखूड ठेवली आहेत ती त्यासाठी. उभं राहून बोला आणि कागद हातात न धरता समोरच्या गोधडीला डोळ्यांच्या उंचीवर टाचणीने लावा. खाली बघून वाचलं की हनुवटी दाबली जाते आणि कागदही सळसळतो. पूर्ण जाहिरात सलग तीनदा म्हणा. एखादं वाक्य फसलं तर दोन सेकंद थांबून तेच वाक्य तिथल्या तिथे पुन्हा म्हणा, फोन आणि पाय न हलवता. दुसऱ्या दिवशी एकच वाक्य नव्याने म्हणून जोडलं तर अंतर बदललेलं लगेच कळतं.

पाठीमागे संगीत टाकणार असाल तर ते नंबर आणि दराखाली आणखी खाली उतरवा, आणि शेवटची तपासणी इअरफोनवर न करता फोनच्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून करा. ग्राहक तसंच ऐकणार आहे.