एफएसएच नॉर्मल आला, तरी पाळी जायची वेळ आलेली असू शकते

प्रश्न: वय ४६. पाळी कधी २२ दिवसांनी येते, कधी ४०. रात्री घामाने जाग येते. एफएसएच ७.२ आला, लॅबवाले म्हणाले नॉर्मल आहे. म्हणजे हे पेरिमेनोपॉज नाही ना? अजून कोणती हार्मोनची टेस्ट करू?

उत्तर:

ताई, तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला हा पेरिमेनोपॉजच, म्हणजे पाळी जाण्याआधीचा बदलाचा काळच वाटतो, आणि ७.२ या आकड्याने माझं मत बदलत नाही. मी नागपुरात बरीच वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. असा एकटा रिपोर्ट घेऊन हायसं वाटलेल्या किंवा घाबरलेल्या बायका मला नेहमी भेटतात.

एफएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने बीजकोशाला दिलेला निरोप असतो: बीज वाढव. बीज वाढू लागलं की बीजकोशातून इस्ट्रोजेन आणि इनहिबिन रक्तात येतात आणि पिट्युटरीला कळतं, आता पुरे. वयाबरोबर बीजं कमी उरली की हे उत्तर क्षीण होतं, म्हणून पिट्युटरी जोर वाढवते आणि एफएसएच चढतो. एवढंच असतं तर एका तपासणीत निकाल लागला असता. पण शेवटच्या काही वर्षांत बीजकोश दिव्यातलं तेल संपावं तसा हळूहळू मंदावत नाही. एखादा महिना तो गप्प राहतो. पुढच्याच महिन्यात वाढलेल्या एफएसएचला इतका जोरात प्रतिसाद देतो की इस्ट्रोजेन तिशीतल्यापेक्षाही वर जातं, आणि त्याच्या दाबाने एफएसएच पुन्हा खाली येतो. तुमचं रक्त यातल्या कोणत्या दिवशी काढलं, त्यावर आकडा ठरतो.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचं उदाहरण सांगते. वय ४६, तुमच्याएवढंच. पाळी येऊन नऊ आठवडे झाले होते, म्हणून तिने स्वतःच धंतोलीतल्या एका लॅबमध्ये एफएसएच तपासला. आला ३८. रिपोर्टवर छापलेल्या पट्ट्यात हा आकडा पाळी गेलेल्या बायकांच्या रकान्यात बसत होता. तिने धरून चाललं की पाळी गेली, आणि नवराबायकोने निरोध वापरणं बंद केलं. बारा दिवसांनी पाळी आली. मग पुढच्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, या वेळी इस्ट्रॅडिऑल या मुख्य इस्ट्रोजेनसकट. एफएसएच ६.४, म्हणजे अगदी नॉर्मल. पण इस्ट्रॅडिऑल २४०. तिसऱ्या दिवशी ते सहसा ८० च्या आत असतं. म्हणजे बीजकोश वेळेआधीच जोरात कामाला लागला होता आणि त्यानेच एफएसएच दाबून ठेवला होता. दोन महिन्यांनी तिसरा रिपोर्ट: १७. ती मला म्हणाली, "मॅडम, यातला खरा कोणता?" तिन्ही खरे होते. लॅबची चूक एकाही वेळी नव्हती. त्या त्या दिवशी तिच्या रक्तात तेवढाच एफएसएच होता.

पहिल्या रिपोर्टवर तिने विश्वास ठेवला, त्याची मला जास्त काळजी वाटली. एफएसएच ३८ असलेल्या बाईलाही पुढच्या महिन्यात बीज सुटू शकतं आणि दिवस जाऊ शकतात. तिची लघवीची तपासणी मी लगेच केली, ती निगेटिव्ह आली.

मग निदान कशावरून केलं? भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. ती पाळीच्या तारखेला गोल करायची. त्यातून दोन पाळ्यांमधलं अंतर निघालं: २८, २४, ३५, २६ आणि मग ७५ दिवस. आम्ही डॉक्टर ज्या टप्प्यांचा आधार घेतो, ते स्ट्रॉ+१० नावाच्या २०११ च्या परिषदेत ठरले. लागोपाठच्या दोन चक्रांत ७ किंवा जास्त दिवसांचा फरक पडला आणि पुढच्या दहा चक्रांत तसं पुन्हा झालं, तर बदलाचा पहिला टप्पा. सलग ६० दिवस किंवा जास्त पाळी आली नाही, तर पुढचा टप्पा. शिक्षिका दुसऱ्यात होती. तुमचं २२ आणि ४० हे अधूनमधून होत असेल तर तुम्ही पहिल्यात आहात.

लक्षणं विचारतानाही थोडं खोदावं लागतं. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद पडला तर घाम कोणालाही येतो. म्हणून मी विचारते, जानेवारीत काय झालं होतं? शिक्षिका म्हणाली, कडाक्याच्या थंडीत रजई फेकून द्यायची, नवरा मात्र दोन पांघरुणांत. छातीपासून चेहऱ्याकडे वाफ चढते, काही मिनिटं राहते, घाम फुटतो आणि मग थंडी वाजते. हे उन्हाळ्याचं नसतं.

डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१५ मध्ये स्पष्ट लिहिलं की ४५ च्या वर, लक्षणं जुळत असतील तर, निदानासाठी एफएसएच करू नये. बीजांचा उरलेला साठा दाखवणारी एएमएच तपासणीही नको. भारतात तर पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, त्यामुळे तुमच्या वयात हे लवकर आलेलं मुळीच नाही. चाळिशीच्या आत पाळी लांबली किंवा थांबली तर गोष्ट वेगळी. तिथे एफएसएच करायलाच हवा, सहसा चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा, कारण बीजकोश अकाली थकला असेल तर हाडांसाठी आणि हृदयासाठी उपचार लागतात. ४० ते ४५ मध्ये कधी कधी करतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एफएसएचला अर्थच उरत नाही, गोळी त्याला दाबते.

दुसरं काही नाही ना, यासाठी मात्र मी तुमचं रक्त तपासेन. टीएसएच, कारण थायरॉइड वाढलं तरी घाम आणि धडधड होते, हिमोग्लोबिन, आणि पाळी लांबली असेल तर दिवस गेले आहेत का याची तपासणी. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर आधी सांगा, काही लॅबच्या यंत्रांवर तिच्यामुळे टीएसएच आणि एफएसएच खोटेच कमी दिसतात. रात्रीच्या घामाबरोबर संध्याकाळचा ताप, खोकला किंवा घटलेलं वजन असेल तर मी क्षयरोगाची तपासणी आधी करते. आणि तासाला पॅड बदलावं लागेल इतका रक्तस्राव, मधेच डाग किंवा संबंधानंतर रक्त, हे वयाच्या खात्यावर टाकू नका. त्याला सोनोग्राफी लागते, आणि तुमच्या वयात बऱ्याचदा गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडाही तपासावा लागतो.

डॉक्टरकडे जाताना गेल्या सहा-आठ पाळ्यांच्या तारखा आणि घामाच्या रात्री लिहून न्या. निरोध सोडू नका: पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली तर एक वर्ष.

त्या शिक्षिकेची पाळी ४८ व्या वर्षी थांबली. बारा महिने कॅलेंडरवर एकही गोल पडला नाही, तेव्हा मी तिच्या फाइलवर मेनोपॉज लिहिलं. त्या दिवशीही एफएसएच केला नाही.