लिपबामच्या लेबलवर ‘व्हीगन, क्रुएल्टी-फ्री, १००% नॅचरल’ छापायचंय. आधी काय तपासू?

छपाईआधी प्रत्येक घटकाचा उगम पुरवठादाराकडून लेखी घ्या. नुसत्या नावावरून तो कळत नाही. मधमाश्यांचं मेण आणि लॅनोलिन लगेच ओळखू येतात; फसवतो तो लाल रंग. सीआय ७५४७० म्हणजे कार्माइन, तो किड्यांपासून काढतात. हा रंग ‘नॅचरल’ आहे, पण व्हीगन नाही! ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड वनस्पतींचंही असतं, चरबीचंही. म्हणून पत्रात घटकाचं नाव, ग्रेड आणि ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द स्पष्ट हवा. पुरवठादार बदलला की पत्र नव्याने मागवा. बहुतेक चुका इथेच होतात.

क्रुएल्टी-फ्रीचा प्रश्न वेगळा आहे. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी २०१४ पासून बंद आहे, पण आयात केलेल्या कच्च्या मालाची चाचणी परदेशात झाली असू शकते. तेव्हा घटकाची चाचणी कुणी, कुठे आणि कधीपासून केली नाही, हे लिहून घ्या. सशाचं चिन्ह संबंधित संस्थेच्या परवान्याशिवाय छापू नका.

‘१००% नॅचरल’ मात्र मी काढूनच टाकेन. एक कृत्रिम सुगंध किंवा प्रिझर्वेटिव्ह असला तरी तो दावा खोटा ठरतो. त्याऐवजी ‘शिया बटर आणि एरंडेल तेलयुक्त’ लिहा. ग्रीनवॉशिंग, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याचे फसवे दावे, रोखण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘नॅचरल’ आणि ‘क्रुएल्टी-फ्री’ या दोन्ही शब्दांना पुरावा आणि स्पष्टीकरण लागतं, जाहिरातीतही.