चारोळीतलं निसटतं यमक

प्रश्न: जळगावच्या कवीमित्राच्या चारोळीत यमक नीट जुळत नाही. ही चूक की मुद्दाम?

मुद्दाम असू शकतं. मी रचलेल्या या ओळी मोठ्यानं वाचा:

कापूस भरून उभी अंगणात गाडी,
भाव विचारत बाप बसला दारी,
आभाळ भरून आलं तापीच्या काठी,
माय मोजते अजून घरातली पोती.

'गाडी'नंतर कान 'माडी' मागतो, मिळतं 'दारी'. आ-ई तेच, व्यंजन वेगळं. दोन स्वरांमधला ड जीभ उलटी फिरवून येतो, म्हणून तो र च्या जवळचा. चुकामूक जेमतेम जाणवते. 'काठी'त अंतर वाढतं. 'पोती'त तर आ सुद्धा जातो, उरते फक्त ई. भाव आणि पाऊस, दोन्हींची धास्ती अशी ओळीओळीनं वाढते.

मित्राच्या ओळींत निसटणं अर्थाच्या ताणाबरोबर वाढत नसेल, कुठेही पडत असेल, तर मात्र तो कच्चेपणा समजा.