बाळाचं आडनाव, आईचं माहेरचं नाव आणि दवाखान्यातला तो फॉर्म

प्रश्न: लग्नाला दोन वर्षं झाली, मी माहेरचंच नाव ठेवलं आहे. दीड महिन्यात बाळ येईल. सासरी सगळे म्हणतात, आधी नाव बदलून घे, नाहीतर बाळाच्या दाखल्यात घोळ होईल. खरंच बदलावं लागतं का? आणि बाळाला दोघांचीही आडनावं लावली तर चालतं का? आम्ही इंदूरला असतो.

उत्तर:

बदलावं लागत नाही. लग्नानंतर बायकोने नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही, आणि जन्माची नोंद ज्या 1969 च्या कायद्याने होते त्यातही आईबापांचं आडनाव एकच हवं अशी अट नाही. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव हा संस्कार झाला. तुमची कागदोपत्री ओळख त्याने बदलत नाही, आणि अर्ज करून बदलून घेतल्याशिवाय ती आपोआपही बदलत नाही.

सासरची भीती मात्र अगदीच निराधार नाही. घोळ होतो, पण तो होतो दवाखान्यात, आणि बहुतेक वेळा घरच्याच माणसाच्या हातून.

कसा, ते उदाहरणानेच बघू. समजा आई ऋचा कुलकर्णी, वडील मंदार देशपांडे. आईचं आधार, पॅन, पासपोर्ट सगळं कुलकर्णी नावाने. रात्री कळा सुरू झाल्या, भरतीचा फॉर्म भरायला सासरे किंवा दीर काउंटरवर उभे राहिले, आणि ‘मरीज़ का नाम’ या रकान्यात त्यांनी सहज लिहिलं, श्रीमती ऋचा मंदार देशपांडे. घरात तेच नाव चालतं, त्यांचं काही चुकलं असं त्यांना वाटतच नाही. तेच नाव केस पेपरवर, तेच डिस्चार्जच्या कागदावर, आणि दवाखान्यातून जन्माची जी माहिती निबंधकाकडे जाते तिच्यातही तेच. जन्म दवाखान्यात झाला की ही माहिती देण्याची जबाबदारी दवाखान्याची असते, त्यामुळे तुम्ही ती बघितलेलीही नसते. दाखला हातात येतो तेव्हा बाळाच्या आईचं नाव असतं ऋचा मंदार देशपांडे, आणि या नावाची बाई कुठल्याच ओळखपत्रावर नसते.

पहिले काही महिने कुणाच्या लक्षात येत नाही. मग बाळाचा पासपोर्ट काढायला गेलात की दाखल्यावरची आई आणि समोर बसलेली आई जुळत नाही. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. शाळाप्रवेश आणि आधारलाही तोच पुढे येतो. पूर्वी शाळेचा कागद दाखवून निभावून जायचं, ती वाट आता बंद झाली आहे.

म्हणून नाव बदलण्यापेक्षा हे करा. सातव्या-आठव्या महिन्यातच दवाखान्याची फाइल मागून घ्या आणि पहिल्या पानावर तुमचं नाव आधारप्रमाणे आहे का बघा. नसेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या, त्या वेळी ते एका खोडाखोडीचं काम असतं. कॅशलेस विमा असेल तर पॉलिसीवरचं नावही तेच हवं. आधारच्या दोन झेरॉक्स, आईची आणि वडिलांची, फाइलला टाचून ठेवा, आणि भरतीच्या वेळी जो कुणी बरोबर असेल त्याला बजावून ठेवा की नाव तोंडी सांगायचं नाही, झेरॉक्स दाखवायची. डिस्चार्जच्या दिवशी जन्म-सूचनेचा फॉर्म डोळ्यांखालून घातल्याशिवाय निघू नका.

चूक होऊनच गेली असेल तर ती दुरुस्त होते. जन्मनोंदीच्या त्याच 1969 च्या कायद्याचं कलम 15 चुकीच्या नोंदीसाठी आहे. जिथे नोंद झाली त्या निबंधकाकडे, म्हणजे इंदूर शहरात झालेल्या जन्मासाठी साधारणपणे नगर निगमच्या जन्म-मृत्यू शाखेत, अर्ज करायचा. सोबत आईचं आधार, विवाह प्रमाणपत्र, डिस्चार्जचा कागद आणि हकिगत माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह माणसांचं निवेदन. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून तिथे सही आणि तारीख घालतात. काम होतं, पण खेपा होतात, आणि तान्हं बाळ घरी असताना त्या खेपा कोण घालणार?

आता बाळाचं नाव. डिस्चार्ज तिसऱ्या-चौथ्या दिवशी, बारसं बाराव्या दिवशी, आणि विलंब शुल्काशिवाय नोंद करायची मुदत 21 दिवस. हे गणित खरं तर आपल्या सोयीचं आहे, पण दवाखान्यातला माणूस डिस्चार्जलाच विचारतो, ‘बच्चे का नाम?’ आणि घाईत काहीतरी सांगितलं जातं. आडनावाचा निर्णय झाला नसेल तर नावाचा रकाना सरळ कोरा ठेवायला सांगा. जन्माची नोंद नावाशिवाय होते. नाव नंतर घालता येतं, 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क, त्यापुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा घातलेलं नाव बदलणं अवघड. कलम 15 चुकीसाठी आहे, आणि ‘आमचं मत बदललं’ ही चूक नव्हे. आईचं नाव चुकीचं लागलं तर ती दुरुस्ती. बाळाला देशपांडे लावलं आणि वर्षाने कुलकर्णी हवंसं वाटलं, तर ते नामांतर. त्याला निबंधक सहसा नाही म्हणतो, मग राजपत्र, वकील, कधी हायकोर्टापर्यंत. म्हणून रकाना कोरा ठेवा, पण वर्ष उलटू देऊ नका.

दोन्ही आडनावं चालतात. फक्त आईचं लावलं तरी चालतं. शाळेत दोन प्रश्न जास्त विचारतील, तेवढंच. दोन लावायची असतील तर एक गोष्ट आधीच ठरवा, कुठला शब्द कुठल्या रकान्यात जाणार. पासपोर्टच्या अर्जात नाव दोन भागांत भरतात, Given Name आणि Surname. ‘आरोही कुलकर्णी देशपांडे’ हे दोन प्रकारे भरता येतं:

```
Given Name: AAROHI            Surname: KULKARNI DESHPANDE
Given Name: AAROHI KULKARNI   Surname: DESHPANDE
```

दोन्ही बरोबर, पण कायम एकच. एका कागदावर पहिला प्रकार आणि दुसऱ्यावर दुसरा झाला की पुढे व्हिसाच्या अर्जात मुलीची दोन आडनावं दिसायला लागतात. माझं मत विचाराल तर दुसरा प्रकार सोपा. कुणी मधलं गाळून ‘आरोही देशपांडे’ लिहिलं तरी शेवटचा शब्द तोच राहतो. दोन आडनावांमध्ये जोडरेघ मात्र घालू नका. विमानाच्या तिकिटावर ती गळते, पासपोर्टच्या तळाशी मशीनने वाचायच्या ओळीतही ती उरत नाही, आणि कित्येक संगणकांच्या रकान्यात ती बसतच नाही.

इंदूरला आणखी एक गंमत आहे, जी पुण्यात होत नाही. आपण नाव तीन पदरी लिहितो, नाव, वडिलांचं नाव, आडनाव. इथल्या फॉर्मांना ते माहीत नसतं. इथे नाव आणि उपनाम, आणि वडिलांसाठी वेगळा रकाना. मग आधारवर ‘आरोही मंदार देशपांडे’, शाळेत ‘आरोही देशपांडे’, आणि दहावीच्या अंकसूचीवर जे येईल ते. मधलं नाव घालायचं तर जन्मदाखल्यापासून सगळीकडे घाला, नाहीतर कुठेच नको. वडिलांचं नाव दाखल्यात वेगळ्या रकान्यात असतंच, त्यामुळे गाळल्याने काही हरवत नाही. दोन आडनावं लावणाऱ्यांनी तर गाळावंच, नाहीतर चार शब्दांचं नाव होतं आणि प्रत्येक कारकून त्यातला आपापल्या पसंतीचा शब्द खाली टाकतो.

कायद्याबद्दल घरात वाद असेल तर एक निकाल माहीत असू द्या. 28 जुलै 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने अकेला ललिता प्रकरणात म्हटलं की वडील गेल्यानंतर मुलाची नैसर्गिक पालक म्हणून आडनाव ठरवायचा अधिकार आईचा आहे. पण तिथे मुलाचे वडील हयात नव्हते. वडील हयात असताना आईने एकटीने ठरवावं असं त्या निकालात म्हटलेलं नाही, तेव्हा तो घरातल्या भांडणात फेकून मारू नका. व्यवहारात दोघांचं एकमत लागतंच, कारण अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टला सामान्यतः Annexure D वर दोघांच्या सह्या लागतात.

आणि तुमचं स्वतःचं नाव. बदलायचंच असेल तर या दीड महिन्यात सुरुवात करू नका. अर्धं बदललेलं नाव न बदललेल्या नावापेक्षा जास्त त्रास देतं. आधार झालं, पॅन राहिलं, की दोघांची जोडणी अडते. पीएफचं नाव वेगळं राहिलं की पैसे काढताना अडकतं. बाळ होऊन सगळे कागद निघाले की मग सवडीने विवाह प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँक, पीएफ या क्रमाने करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हे लक्षात असू द्या. आडनाव तेच ठेवून मधलं वडिलांचं नाव काढून नवऱ्याचं घातलं तरी तो नावातला बदलच. पॅनवर मात्र लग्नानंतरही वडिलांचंच नाव असतं, नवऱ्याचं नाही. तिथे नवऱ्याचं नाव घालायला जाऊ नका. पदवी आणि अंकसूच्या माहेरच्या नावानेच राहतात, त्यांना विवाह प्रमाणपत्र जोडलं की भागतं.

बदलायचं नसेल तर एवढंच करा, विवाह नोंदणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. दोन वेगळ्या आडनावांच्या माणसांना जोडणारा तोच एक कागद असतो. पासपोर्टमध्ये स्वतःचं नाव न बदलता जोडीदाराचं नाव नोंदवता येतं, तेही करून घ्या. मध्य प्रदेश सरकारच्या समग्र या परिवार-नोंदणीत माहेरच्या परिवारातून नाव काढून सासरच्या परिवारात घ्यावं लागेल, पण त्यासाठी आडनाव बदलायची गरज नाही.

शेवटचं, स्पेलिंग. इथले कारकून मराठी आडनावं कानाने हिंदीत ऐकतात. चव्हाणचं चौहान होतं, पवारचं पंवार, देशपांडेला शेवटी वाय लागून DESHPANDEY, आणि हिंदी कीबोर्डवर ळ हाताशी नसला की काळे होतात काले. (शिंद्यांचे सिंधिया झालेच की.) देवनागरीतला फरक एकवेळ चालून जातो, कारण संगणकावर बहुतेक ठिकाणी जुळवणी रोमन अक्षरांची होते. म्हणून बाळाचं, आईचं आणि वडिलांचं नाव कॅपिटल रोमन अक्षरांत एका कागदावर लिहा, आधारशी ताडून बघा, आणि तोच कागद त्या दोन झेरॉक्सबरोबर फाइलला लावा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर त्या ओळीवर ‘अभी नहीं’ असं हिंदीतच लिहा, म्हणजे कुणी स्वतःच्या मनाने काही भरणार नाही.